बेअरिंग बसून दांत गेला

ठाण्याहून खाडीवरचा पूल ओलांडला कीं कळवा लागतें. तेथून बेलापूरच्या दिशेनें जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनें कारखान्यांची जी रांग दिसते, ती १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतरच्या वर्षांत वाढत गेली. त्यांतले कांहीं कारखाने आज बंद पडले आहेत, कांहीं चालू आहेत. तेथील यंत्रें मात्र अनेक ठिकाणीं परदेशांतून आणलेलीं. असें यंत्र बिघडलें म्हणजे त्याची पहिली पाहणी करणारा माणूस फोरमन किंवा फिटर असतो, आणि तो आपलें टिपण पुष्कळदां मराठींत लिहितो. तें टिपण यंत्र बनविणाऱ्या परदेशस्थ इंजिनियरांपुढें ठेवावयाचें, तर त्याचें इंग्रजी व्हावें लागतें. हें काम बहुधा कचेरींतल्या अशा कोणाकडे जातें कीं ज्याचें इंग्रजी चांगलें आहे, पण ज्यानें गिअरची पेटी कधीं उघडलेली पाहिलेली नाहीं. आजचें भाषण त्या माणसाच्या टेबलावर पडलेल्या एका कागदासंबंधीं आहे.

तो कागद कोणा एका कारखान्याचा नव्हे. अशा टिपणांत जी भाषा नेहमीं आढळते ती एकत्र करून समजुतीसाठीं रचलेला तो नमुना आहे. पेटी साधी, एकाच टप्प्याची आहे असें धरूं. मोटारीकडून येणाऱ्या शाफ्टावर १७ सरळ दांतांचें लहान चाक, ज्याला पिनियन म्हणतात. आणि त्याच्याशीं गुंतलेलें ६८ दांतांचें मोठें चाक. मोटार मिनिटाला ९६० फेरे घेते, मोठें चाक त्याच्या चौथाई, म्हणजे २४०. फोरमननें लिहिलें आहे तें असें:

“रात्रपाळीला गिअरबॉक्समधून खडखड आवाज आला. मशीन बंद केलं. पेटी इतकी तापली होती की हात लावता येईना. काचेत तेल नव्हतं. परवाच तेल टाकलं होतं. कव्हर काढलं. पिनियनचा एक दात गेलाय. मोठ्या गिअरला चार जागी मार आहे. डावीकडचं बेअरिंग बसलं. शाफ्टला एक सूत प्ले. लोड जास्त झाला असणार. बेअरिंग बसून दात गेला.”

टिपण चांगलें आहे. लिहिणाऱ्यानें जें महत्त्वाचें तें पाहिलें आहे, आणि त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या फिटरला यांतला एकहि शब्द अडणार नाहीं. अडचण अशी कीं, हें वाचणारा शेजारीं उभा नाहीं. तो हजारों किलोमीटर दूर आहे, पेटी त्याला दिसणार नाहीं, आणि त्याला ठरवावयाचें आहे तें हें, कीं दोष घडणींतला कीं वापरांतला. पेटी हमीच्या मुदतींत असेल तर या उत्तरावर नवी पेटी कोणाच्या खर्चानें यावयाची तें ठरतें. शिवाय त्याच बनावटीची जोडीची पेटी शेजारच्या यंत्रावर अजून चालू असली, तर ती उद्यां चालवावी कीं थांबवावी हेंहि त्यावरच ठरतें. अशा वेळीं इंग्रजींतला एक चुकीचा शब्द म्हणजे केवळ भाषेचा दोष राहत नाहीं.

प्रथम ‘बसलं’ हा शब्द घेऊं. मराठींत बेअरिंग दोन अर्थांनीं बसतें. नवें बेअरिंग शाफ्टावर ठोकून अथवा तापवून चढविलें आणि तें आपल्या जागीं नीट टेकलें, म्हणजे तें ‘बसलें’. चालतां चालतां तें अडकून फिरेनासें झालें किंवा आंतून कोसळलें, तरीहि तें ‘बसलें’च. शब्दकोश उघडून बसण्याचें इंग्रजी शोधणारा माणूस ‘सीटेड’ असें लिहून मोकळा होईल, आणि परदेशीं वाचणारा समजेल कीं डावीकडचें बेअरिंग अगदीं ठीक आहे. हा उलटा अर्थ निदान पुढच्यामागच्या वाक्यांवरून पकडला तरी जाईल. खरा घोटाळा त्यापुढचा आहे. अडकलेल्या बेअरिंगाला इंग्रजींत ‘सीज्ड’ म्हणतात. पिंजरा मोडून रोलर विखुरले असतील तर तें ‘कोलॅप्स्ड’. नुसतें खरखरतें पण फिरतें असेल तर आणखी निराळें. फोरमनच्या एका शब्दांत या तिन्ही अवस्था मावतात, आणि तिन्हींचीं कारणें वेगळीं असूं शकतात. म्हणून भाषांतर करणाऱ्यानें शब्द शोधण्याआधीं जिना उतरून कारखान्यांत जावें आणि तीन प्रश्न विचारावेत: हातानें फिरवून पाहिलें तर फिरतें का? पिंजरा शाबूत आहे का? रोलरांचा आणि कड्यांचा रंग कसा आहे, पोलादी कीं पिंगट कीं निळसर? निळसर रंग असला तर तें खूप तापलें होतें असें इंजिनियर स्वतः समजेल. तें त्याला सांगावयास नको, रंग मात्र सांगावयास हवा. बेअरिंगाच्या कड्यावर कोरलेला अंकहि उतरून घ्यावा.

आणि ‘डावीकडचं’? डावें कोणाच्या डाव्या हाताचें? पेटीच्या एका बाजूला मोटार, दुसऱ्या बाजूला चालविलें जाणारें यंत्र. फोरमन ज्या बाजूस उभा होता ती बाजू बदलली कीं डाव्याचें उजवें होतें. यासाठीं इंग्रजी अहवालांत डावें-उजवें हे शब्दच येऊं देऊं नयेत. ‘पिनियन-शाफ्टाचें मोटारीकडील बेअरिंग’ असें लिहिलें म्हणजे तें जगांत कोठूनहि पाहिलें तरी तेंच राहतें.

आतां तेल. ‘काचेत तेल नव्हतं’ या वाक्याचें इंग्रजी करतांना ‘पेटींत तेल नव्हतें’ असें होऊन बसतें, आणि हमीच्या दाव्याचा निकाल जवळजवळ तेथेंच लागतो. कारण बिनतेलाची पेटी चालविली तर बनविणाऱ्याकडे कोणता दोष उरतो? पण फोरमननें तसें म्हटलेलेंच नाहीं. पेटीच्या अंगाला जी पातळी दाखविणारी काच असते, तींत त्याला तेल दिसलें नाहीं, एवढेंच तो सांगतो. काचेच्या खालच्या कडेहून तेल किंचित् खालीं असलें तरी तें दिसत नाहीं, आणि पेटींत तें पुष्कळ असूं शकतें. त्यांतून त्यानें काच पाहिली केव्हां? यंत्र थांबविल्याबरोबर पाहिली असेल, तर चाकांनीं उडविलेलें तेल त्या क्षणीं भिंतींवर आणि दांतांवर असतें, तें खालीं उतरावयास कांहीं मिनिटें लागतात. म्हणून इंग्रजींत असें जावें कीं, यंत्र थांबल्यानंतर अमुक मिनिटांनीं पातळीच्या काचेंत तेल दिसलें नाहीं. पेटींतील तेल काढून मोजलें तेव्हां तें इतकें लिटर भरलें. मोजलें नसेल, तर मोजलें नाहीं असें स्पष्ट लिहावें. तीहि माहितीच आहे.

‘परवाच तेल टाकलं होतं’ हें वाक्य तर मराठी भाषेनें भाषांतर करणाऱ्याची परीक्षा पाहावी म्हणून घडविल्यासारखें आहे. ‘परवां’ म्हणजे कालच्या आदला दिवस. उद्यांचा पुढला दिवसहि. आणि बोलण्यांत तर गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांतला कोणताहि दिवस. ‘टाकणें’ म्हणजे घालणें, आणि ‘टाकणें’ म्हणजे फेकूनहि देणें. तेव्हां परवां तेल नवें भरलें, कीं कमी झालेलें वर ओतलें, कीं जुनें काढून फेकलें? वरचेवर तेल ओतावें लागत असेल तर तें कोठून तरी गळत होतें असा अर्थ निघतो; पूर्ण बदललें असेल तर नवें तेल कोणत्या श्रेणीचें होतें हा प्रश्न येतो. तेलाच्या डब्यावर ३२० असा अंक असतो, तो चाळीस अंश उष्णतेवर तें तेल किती दाट आहे तें सांगतो. पेटीवरच्या पाटीनें ३२० मागितलें असतां २२० भरलें गेलें असेल तर तेल पातळ पडलें. हे सारे प्रश्न तेलाच्या नोंदवहींतून मिटतात, फोरमनच्या स्मरणांतून नव्हे. तारीख लिहितांना महिना अक्षरांनीं लिहावा, कारण अमेरिकेंत महिना आधीं लिहितात, आणि आपला ४-७ हा जुलैचा दिवस तेथें एप्रिलचा होतो. रात्रपाळीचेंहि असेंच आहे. पाळी एका तारखेला सुरू होते आणि रात्रीं दीड वाजतां दुसरी तारीख लागलेली असते; हजेरीपटावर मात्र पहिलीच असते.

तापण्याविषयीं थोडक्यांत. ‘हात लावता येईना’ याचें ‘ओव्हरहीटेड’ करूं नये. सुमारें साठ अंशांच्या पुढें धातूवर हात टेकून ठेवतां येत नाहीं, आणि चांगल्या चालणाऱ्या पुष्कळ पेट्या सत्तर अंशांवर निवांत चालत असतात. हात टेकतां आला नाहीं, उष्णता मोजली नाहीं, असें लिहिलें कीं काम झालें.

यापुढचा शब्द मापाचा आहे. ‘एक सूत प्ले.’ गवंड्यापासून फिटरापर्यंत आपल्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा; मिलिमीटरांत ३.१७५. हें माप परदेशीं कोणास ठाऊक नाहीं, म्हणून तें बदलून लिहावें लागतें, आणि येथें हुशार माणूस हटकून चुकतो. तो ३.१७५ असा अंक लिहितो. तो अंक वाचून जर्मनींतला किंवा जपानांतला इंजिनियर समजतो कीं, या लोकांनीं सूक्ष्ममापकानें सहस्रांशापर्यंत मोजलें. प्रत्यक्षांत फोरमननें पोलादी पट्टी धरून डोळ्यांनीं पाहिलें आहे. ‘सुमारें ३ मिलिमीटर, पट्टीनें पाहून’ हेंच येथें खरें भाषांतर. तीन दशांश स्थळांचें भाषांतर खोटें.

पण हे तीन मिलिमीटर कशाचे? ‘प्ले’ हा इंग्रजीच शब्द. तो मराठींत आला आणि येथें त्याचा संसार वाढला. दांत दांताशीं मिळतांना जी मोकळी जागा राहते ती प्ले. शाफ्ट लांबीच्या दिशेनें मागेंपुढें सरकतो तोहि प्ले. शाफ्ट बेअरिंगांत वरखालीं हलतो तोहि प्लेच. इंग्रजीला या तिहींसाठीं तीन निरनिराळीं नांवें आहेत, आणि शब्द मूळचा इंग्रजी म्हणून तसाच परत पाठवला तर परदेशस्थ वाचकाला त्यांतलें कोणतेंच कळणार नाहीं. फोरमनला विचारावें, ‘कसें पाहिलें तें करून दाखवा.’ समजा, त्यानें मोठें चाक पक्कें धरून मोटारीकडची जोडणी, म्हणजे कपलिंग, हातानें डोलवून दाखविली आणि पट्टी कपलिंगाच्या कडेशीं धरली. मग प्ले दांतांतला आहे हें ठरलें. पण माप दांतापाशीं घेतलेलें नाहीं, कपलिंगाच्या कडेशीं घेतलेलें आहे. कपलिंगाची कड मध्यापासून १२० मिलिमीटरांवर असेल आणि पिनियनाचे दांत मध्यापासून ६८ मिलिमीटरांवर गुंतत असतील, तर कडेशीं दिसलेले तीन मिलिमीटर दांतापाशीं पावणेदोनच्या आसपास भरतात. नव्या पेटींत ही जागा मिलिमीटराच्या कांहीं दशांशांएवढीच असावयाची, म्हणजे पावणेदोन हें खूपच आहे. तरी तीन आणि पावणेदोन यांत अंतर आहे. हा हिशेब भाषांतर करणाऱ्यानें अहवालांत करावा असें नाहीं. त्यानें फक्त माप कोठें घेतलें तें लिहावें. हिशेब तिकडचा इंजिनियर अर्ध्या मिनिटांत करील.

आतां ज्या वाक्यावरून भाषांतर करणारा सर्वांत सहज पुढें निघून जाईल तें वाक्य: ‘मोठ्या गिअरला चार जागी मार आहे.’ याचें इंग्रजी शाळकरी मुलगाहि करील. पण या चार जागा कोणत्या? मोठ्या चाकाच्या एका दांतावर खडूनें खूण करून त्याला पहिला म्हणावें आणि दांत मोजीत जावें. समजा, मार लागलेले दांत ९, २६, ४३ आणि ६० हे निघाले. या अंकांतलें अंतर पाहा: १७, १७, १७, आणि साठापासून पुढें अडुसष्टापर्यंत जाऊन परत नवव्यापर्यंत आलें कीं पुन्हां १७. पिनियनाला दांत १७ आहेत. मोठ्या चाकाला त्याच्या बरोबर चौपट असल्यामुळें पिनियनाचा प्रत्येक दांत मोठ्या चाकाच्या ठराविक चारच दांतांना भेटतो, जन्मभर त्याच चारांना. तेव्हां हा चार जागांचा मार पिनियनाच्या त्या एकाच बिघडलेल्या दांतानें, फेऱ्यामागून फेरे घेत, दिलेला आहे. पेटींत सुटा बोल्ट पडून दांतांत सांपडला असता, तर मार असा मोजून मापून सतरा-सतरा दांतांवर पडला नसता. म्हणजे बाहेरची वस्तु आंत गेल्याचा संशय या चार अंकांनीं बराचसा दूर होतो, आणि ‘कांहीं ठिकाणीं इजा आढळली’ अशा गुळगुळीत इंग्रजीनें हा पुरावा नाहींसा होतो. गुळगुळीत इंग्रजीची या कामांत फार भीति बाळगावी.

आवाजाविषयींहि येथेंच सांगून टाकतां येईल. खडखड, घरघर, कुरकुर, शिट्टी हे शब्द मराठींत कान असलेल्या माणसाचे शब्द आहेत. त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द प्रत्येक जण वेगळे देतो. त्यापेक्षां लय विचारावी. पिनियन सेकंदाला १६ फेरे घेतो. त्याच्या एका दांताचा ठोका सेकंदाला १६ वेळां पडतो आणि तो मोजतां येत नाहीं, नुसती खडखड ऐकूं येते. मोठ्या चाकाच्या एका दांताचा ठोका सेकंदाला चार वेळां पडेल, आणि तो कानाला सुटा ऐकूं येईल. ‘सलग खडखड, ठोके सुटे ऐकूं आले नाहींत’ एवढें लिहिणें कोणत्याहि एका शब्दापेक्षां उपयोगी आहे.

‘एक दात गेलाय.’ गेला म्हणजे झिजला, कीं तुटला, कीं तुकडा सांपडत नाहीं? समजा तुटला, आणि तुकडा तेलाच्या तळाशीं सांपडला. येथें भाषांतर करणाऱ्याला मोह होतो तो शास्त्रीय नांव देण्याचा. दांतांच्या दोषांचीं नांवें ठरविलेलीं आहेत. ‘आयएसओ १०८२५’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत तीं १९९५ सालीं व्याख्यांसह आलीं, आणि अमेरिकन गिअर-उत्पादक संघाचें प्रमाण त्याहून निराळें आहे. एकच गोष्ट निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या नांवानें गेली आहे: तेलाचा थर फाटून दांत दांताला चिकटतो व ओरबाडतो, त्याला आज ‘स्कफिंग’ म्हणतात, पण अमेरिकन लोक पूर्वीं त्यालाच ‘स्कोअरिंग’ म्हणत. मुख्य गोष्ट ही कीं, हीं नांवें नुसतीं वर्णनें नसून निदानें आहेत. ‘स्कफिंग’ लिहिलें कीं तेलाकडे बोट गेलें. ‘फटीग’ लिहिलें कीं दिवसेंदिवस वाढलेल्या तड्याकडे. ‘ओव्हरलोड’ लिहिलें कीं चालविणाऱ्याकडे. निदान करणें हें तिकडच्या तज्ज्ञाचें काम, आणि आपल्या बाजूनें तें करावयाचेंच असेल तर आपल्या इंजिनियराचें. भाषांतर करणाऱ्याचें खचितच नव्हे.

त्यानें वर्णन करावें. फोरमनला विचारलें तर तो सांगेल: ‘तुटलेल्या जागेचा अर्धाअधिक भाग काळपट आणि गुळगुळीत आहे, त्यावर शिंपीवर असतात तशा वाकड्या रेघा आहेत, उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत. जुना तडा होता, साहेब.’ यांतलें पहिलें वाक्य पाहिलेलें आहे. दुसरें अनुमान आहे, आणि अनुमान चांगलें आहे. तडा थोडा थोडा वाढत असतां त्याच्या दोन बाजू एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात आणि त्याच्या वाढीच्या पायऱ्या अशा रेघांनीं उमटतात; उरलेला धातु शेवटीं एकदम तुटतो, म्हणून तो भाग खडबडीत व ताजा दिसतो. इंग्रजींत वर्णन जसेंच्या तसें जावें, गुळगुळीत भाग दांताच्या कोणत्या टोकाकडून आणि कोणत्या तोंडाच्या बुडाशीं सुरू होतो तें लिहावें, छायाचित्राचा क्रमांक द्यावा. ‘जुना तडा’ हें फोरमनच्या मतांत जावें, आणि तें त्याचें मत म्हणूनच.

मत आणि पाहणी यांतली ही सीमारेषा मराठी भाषा स्वतः फार काळजीनें पाळते. ‘लोड जास्त झाला’ आणि ‘लोड जास्त झाला असणार’ यांत फोरमननें फरक ठेवला आहे. असणार, असावा, असेल, दिसतो, म्हणे या लहान शब्दांनीं बोलणारा सांगत असतो कीं, हें त्यानें पाहिलें, कीं ताडलें, कीं दुसऱ्याकडून ऐकलें. ‘आधीं वाजत होती म्हणे’ यांतला ‘म्हणे’ गाळला कीं ऐकीव गोष्ट पाहिलेली होते. इंग्रजींत हे शब्द घाईंत गळतात, कारण त्यांना क्रियापदाच्या शेपटींत जागा नाहीं, त्यांच्यासाठीं स्वतंत्र वाक्य करावें लागतें: ‘पाहणी करणाऱ्याच्या मतें भार जास्त झाला असावा, भार मोजलेला नाहीं.’ हें वाक्य लांबतें, पण लांबूं द्यावें.

उरलें टिपणांतलें शेवटचें वाक्य, आणि सगळा दावा ज्यावर उलटूं शकतो तें हेंच. ‘बेअरिंग बसून दात गेला.’ ‘बसून’ या रूपांत मराठीचें मोठें सुख आहे. ‘जेवून निजला’ म्हटलें कीं नुसता क्रम. ‘पाय घसरून पडला’ म्हटलें कीं कारण. आणि बोलणाऱ्याला दोहोंतलें कोणतें तें ठरवावें लागत नाहीं. इंग्रजी तें ठरवावयास लावते. ‘आफ्टर’ लिहा, किंवा ‘बिकॉज’ लिहा. ‘बिकॉज’ लिहिलें, तर आपणच लिहून दिलें कीं मूळ दोष बेअरिंगाचा, बेअरिंगाचा म्हणजे बहुधा तेलाचा, आणि तेल घालणें आपल्याकडे. ‘आफ्टर’ लिहिलें तरी निदान एवढें कबूल केलें कीं आधीं बेअरिंग गेलें. आणि फोरमनला या दोहोंतलें कांहींच दिसलेलें नाहीं! पेटी बंद होती. उघडली तेव्हां दोन्ही गोष्टी झालेल्या होत्या. त्यानें आपल्या अनुभवावरून त्या एका ‘ऊन’नें जोडल्या.

तुटलेल्या दांताचें वर्णन येथें पुन्हां आठवावें. गुळगुळीत, रेघांचा भाग अर्ध्याहून अधिक होता. तो तडा त्या एका रात्रींत वाढलेला असणें कठीण. मग त्या रात्रीं अडकलेलें बेअरिंग हें त्याचें मूळ कसें असेल? तुटलेल्या दांताचे तुकडे तेलांतून बेअरिंगांत जाऊन बेअरिंगच मागाहून बसलें असेल. उलट असेंहि असूं शकतें कीं, बेअरिंग कित्येक आठवडे ढिलें होत होतें, त्यामुळें शाफ्ट कलून दांताच्या एका टोकावर भार येत होता, आणि तडा तेथूनच हळूहळू वाढला. दांत टोकाकडून तुटूं लागला कीं मधून, हें सांगितल्यावांचून यांतलें खरें कोणतें तें ठरविण्याचा मार्ग नाहीं. आणि सांगितल्यावरहि तें निश्चित होईलच असें नाहीं. म्हणून इंग्रजी अहवालांत दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत, मध्यें एकहि जोडणारा शब्द न घालतां, लिहाव्या: मोटारीकडील बेअरिंग अडकलेलें आढळलें. पिनियनाचा एक दांत बुडाशीं तुटलेला आढळला. यांतलें आधीं कोणतें झालें तें कोणीं पाहिलेलें नाहीं. पाहणी करणाऱ्याच्या मतें बेअरिंग आधीं. हीं वाक्यें आंखूड असावींत, कारण वाचणारा पुष्कळदां जर्मन किंवा इटालियन असतो आणि इंग्रजी त्याचीहि मातृभाषा नसते.

अहवालाबरोबर मूळ मराठी टिपण न सुधारतां जोडावें. जे शब्द बदलतां येत नाहींत ते रोमन अक्षरांत तसेच ठेवून पुढें अर्थ द्यावा. भाषांतर करणाऱ्यानें स्वतः विचारून मिळविलेली माहिती टिपणांतली म्हणून दाखवूं नये, ती कोणाकडून व कोणत्या दिवशीं मिळाली तें लिहून वेगळी ठेवावी. आणि तुटलेला तुकडा जपून ठेवला आहे हें अगदीं वर लिहावें. तो तारेच्या ब्रशानें घासूं नये, तुटलेल्या दोन बाजू जुळतात का हें पाहण्यासाठीं एकमेकींवर टेकवूं नयेत, त्यावर स्वच्छ तेलाचा हात द्यावा आणि तो कागदांत गुंडाळून ठेवावा, नाहीं तर कळव्याच्या खाडीची दमट हवा चार दिवसांत त्यावर गंज चढवील आणि त्या शिंपीसारख्या रेघा कायमच्या जातील. कव्हर उघडल्या दिवशीं हें फिटरला सांगितलेलें असेल तर उत्तम.

कांहीं दिवसांनीं तिकडून उत्तर येतें आणि आतां काम उलट दिशेनें सुरू होतें. त्यांत एक प्रश्न हमखास असतो: ‘तेलाची पातळी कमी नव्हती हें प्लीज कन्फर्म करा.’ इंग्रजी पत्रव्यवहारांत ‘कन्फर्म’ म्हणजे खरें काय तें कळवा, हो किंवा नाहीं. त्याचें मराठी ‘पातळी कमी नव्हती ना?’ असें करून फोरमनला विचारलें, तर त्याला वाटतें कीं साहेबाला ‘नव्हती’ हें उत्तर हवें आहे, आणि तो तें देतो. भला माणूस असतो तो. प्रश्न मराठींत असा विचारावा: ‘काच तुम्ही पाहिलीत, त्या वेळीं मशीन थांबून किती वेळ झाला होता? आणि झाकण काढल्यावर तेल कोठपर्यंत होतें?’ मग तो क्षणभर थांबतो, पेटीजवळ जातो, पेटीच्या आंतल्या अंगावर उमटलेली तेलाची काळी कड शोधतो, आणि त्यावर बोट ठेवून सांगतो, ‘इथवर. काचेच्या खालच्या रेघेच्या बोटभर खाली.’ त्या बोटापाशीं पट्टी धरून माप घ्यावें आणि मिलिमीटरांत लिहावें.